वीज गेल्यावर दार कुणाचं ऐकतं?

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात वीज गेली, की ऑफिसचं कार्डावर उघडणारं दार काय करतं?

कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच ते आपला क्रमांक सांगतं आणि कंट्रोलर तो यादीत शोधतो. यादी फ्लॅश किंवा ईईपीरॉम मेमरीत असेल, तर वीज गेल्यानं पुसली जात नाही.

खरा प्रश्न कुलपाचा. चुंबकी कुलूप प्रवाह असेपर्यंतच दार धरून ठेवतं. आगीत माणसं अडकू नयेत, म्हणून मुख्य दाराला तेच बरं. रोकड ठेवायच्या खोलीला मात्र वीज नसताना बाहेरून बंदच राहणारं, पण आतून हँडलनं उघडणारं कुलूप हवं.

मधल्या वेळाला बॅटरी. कुलूप ०.५ आणि बाकी यंत्रणा ०.२ अँपिअर घेत असेल, तर १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी १० तास चालेल, अर्थात कागदावर! नागपुरी उन्हात तापणाऱ्या पेटीत ती लवकर थकते, चार्जरचा हिरवा दिवा मात्र लागलेलाच असतो. म्हणून सुटीच्या दिवशी मेन स्विच बंद करून घड्याळ लावा. व्होल्टेज १०.५ वर यायला तासभरच लागला, तर बॅटरी बदला.