सावली सांगते फोटोची वेळ

समजा, ग्रुपवर फोटो आलाय: मरीन ड्राइव्हवर उंच लाटा, खाली लिहिलंय ‘आज सकाळी ८ वाजता’. खरं की खोटं?

आधी सावली बघा. मरीन ड्राइव्हला समुद्र पश्चिमेला आणि इमारती पूर्वेला. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे माणसांच्या सावल्या समुद्राकडे पडायला हव्यात. फोटोत त्या इमारतींकडे पडत असतील, तर फोटो दुपारनंतरचाच. फोटो कुणी आरशासारखा उलटा केला असला, तरी हे बदलत नाही, कारण समुद्र आणि इमारतीही सोबतच उलटतात. फक्त भरदुपारच्या फोटोला हे लावू नका. मे ते जुलैत तेव्हा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावली पायाशीच राहते.

आता हवामान. ठळक सावली म्हणजे ऊन होतं. हवामान खात्याच्या कुलाबा केंद्राचा पावसाचा आकडा बघा, पण जपून: तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा २४ तासांचा असतो. त्यात मध्येच ऊन पडलेलं असू शकतं. म्हणून नुसत्या आकड्यावरून फोटो खोटा ठरवू नका.

आणि सावली वेळ सांगते, वर्ष नाही. मागच्या वर्षीच्या सकाळीही ती अशीच पडली होती. वर्षासाठी मागचं दृश्य बघा. कोस्टल रोडच्या बोगद्यातून मरीन ड्राइव्हला गाड्या बाहेर पडताना दिसल्या, तर फोटो मार्च २०२४ च्या आधीचा नाही. तेव्हाच तो रस्ता सुरू झाला.