सात की आठ? कानाने टिपायचे आकडे

१९८० साली एलिस आणि हेनेली या दोन संशोधकांनी वेल्समधल्या द्विभाषक लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवायचे, एवढीच चाचणी. तीच माणसे इंग्रजीत जास्त आकडे लक्षात ठेवत आणि वेल्शमध्ये कमी. कारण वेल्श अंकांचे उच्चार लांब आहेत, ते म्हणायला जास्त वेळ लागतो. आपल्या कानामागे एक छोटी ध्वनिफीत सतत फिरत असते आणि तिच्यावर साधारण दोन सेकंदांचे बोलणे मावते. ‘आकडे किती’ यापेक्षा ‘ते म्हणायला वेळ किती’ याला तिथे जास्त महत्त्व असते.

हे कळल्यापासून मी मराठीतली प्रत्येक घोषणा वेगळ्या कानाने ऐकतो. रेडिओच्या संहितेत, गावातून फिरणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यासाठी लिहिलेल्या मजकुरात फोन नंबर असतोच, आणि तो बहुधा जोडीजोडीने वाचला जातो. समजा, आरोग्य शिबिराच्या नावनोंदणीसाठी ५७८६०७८७६८ हा नंबर सांगायचा आहे. (आपल्याकडे मोबाइल नंबर ५ने सुरू होत नाहीत, म्हणून मुद्दाम असा घेतला.) निवेदक वाचतो: सत्तावन्न, शहाऐंशी, शून्य सात, सत्त्याऐंशी, अडुसष्ट. दहा आकड्यांचे पाच झाले, म्हणजे ऐकणाऱ्याचे काम सोपे झाले असे वाटते. आता हे म्हणताना जिभेचे ठोके मोजा. सतरा भरतात. तोच नंबर सुटा म्हणा: पाच, सात, आठ, सहा, शून्य, सात, आठ, सात, सहा, आठ. ठोके तेरा! जोडी करून आपण नंबर आखूड केला नाही, लांबवला. ‘सत्त्याऐंशी’ला चार ठोके लागतात, ‘आठ सात’ला दोनच.

गोष्ट इथे संपत नाही. ‘शहाऐंशी’मध्ये कानावर आधी सहा पडतो आणि मागून ऐंशी येतात, पण कागदावर आधी ८ लिहायचा असतो. म्हणजे ऐकणाऱ्याला सहा हातात धरून थांबावे लागते, आठ येऊ द्यावा लागतो, आठ लिहून मग सहा लिहावा लागतो, आणि तोवर निवेदक पुढच्या जोडीवर गेलेला असतो. घाईत ८६चे ६८ होतात. हाच उलटा क्रम जर्मनमध्येही आहे आणि तिथल्या लहान मुलांच्या वह्यांतही याच प्रकारच्या चुका सापडतात. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. सदुसष्ट-अडुसष्ट ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे आणि ती टिकलीच पाहिजे, पण फोन नंबर सांगण्यासाठी ती बनलेली नाही.

म्हणून पहिला निर्णय सरळ आहे: सुटे आकडे. पण सुट्या आकड्यांत मराठीची स्वतःची एक खोच आहे, आणि मला ती फार विलक्षण वाटते. सात आणि आठ. दोन्हींचा कणा एकच, मोठा ‘आ’. फरक आहे तो सुरुवातीच्या ‘स’चा आणि शेवटच्या ‘त’-‘ठ’चा. ‘स’ हा सगळा सळसळाट आहे, त्याची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. जुनी टेलिफोन लाइन मात्र ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे नेते, आणि साधा भोंगाही वरच्या पट्ट्या नीट सोडत नाही. ‘सात’मधला ‘स’ वाटेत गळतो, ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तो जवळजवळ ‘आत’, आणि तो लिहितो ८.

विमानवाहतुकीत हाच पेच इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’चा होता. दोन्हींत मधला स्वर तोच. म्हणून वैमानिक आजही ‘नाइनर’ म्हणतात. जर्मनीत ‘त्स्वाय’ आणि ‘द्राय’ची गल्लत टाळायला फोनवर दोनासाठी ‘त्स्वो’ म्हणतात. मराठीत असा ठरलेला पर्याय नाही, पण आपल्यापाशी दुसरी भाषा आहे. इंग्रजीत गोंधळणारी ५ आणि ९ ही जोडी मराठीत अगदी वेगळी ऐकू येते, पाच आणि नऊ. मराठीत गोंधळणारी ७ आणि ८ ही जोडी इंग्रजीत वेगळी ऐकू येते, सेवन आणि एट. एका भाषेचे भोक दुसरी भाषा नेमके बुजवते! म्हणून नंबर एकदा मराठीत आणि दुसऱ्यांदा इंग्रजी आकड्यांत सांगावा. मात्र एकाच वाचनात दोन्हींची सरमिसळ नको.

संहितेत तो असा लिहावा, आकड्यांत नव्हे तर अक्षरांत, आणि थांबे दाखवून:

‘नावनोंदणीसाठी नंबर सांगतो, पेन-कागद घ्या. पाच सात आठ… सहा शून्य सात… आठ सात सहा आठ. पुन्हा सांगतो. फाइव्ह सेवन एट… सिक्स झीरो सेवन… एट सेवन सिक्स एट.’

प्रत्येक थांबा हाताने तेवढे आकडे लिहून होतील इतका असावा. दोन्ही वेळा तुकडे तेच ठेवावेत. पहिल्यांदा तीन-तीन-चार आणि दुसऱ्यांदा पाच-पाच असे वाचले, तर ऐकणाऱ्याला तो दुसराच नंबर वाटतो. ‘दोन सात’ असे कधीही लिहू नये, त्याचे २७ही होतात आणि ७७ही.

तारखेचे काम त्या मानाने हलके आहे, कारण तिथे भाषेने आपल्याला एक फुकटचा साक्षीदार दिला आहे: वार. ‘शनिवारी, चौदा मार्चला’ असे म्हटले आणि भोंग्याच्या खरखरीत ‘चौदा’चे ‘चोवीस’ ऐकू आले, तर २०२६च्या कॅलेंडरवर चोवीस मार्चला मंगळवार निघतो आणि ऐकणारा थबकतो. ‘चौदा तीन सव्वीस’ असे वाचले तर पकडायला काहीच उरत नाही. ‘पुढच्या शनिवारी’ तर टाळाच. कुणाला तो चार दिवसांवरचा वाटतो, कुणाला अकरा.

सगळ्यात अवघड वेबसाइटचा पत्ता. `https://` वाचण्याची गरजच नाही, ब्राउझर ते स्वतः भरतो. वेब घडवणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनीच २००९ साली कबूल केले की त्या दोन तिरप्या रेघा नसत्या तरी चालले असते. खरी अडचण मराठी नावाच्या रोमन स्पेलिंगची आहे. ‘कृषिविकास’ ऐकून एक जण `krishivikas` टाइप करेल, दुसरा `krushivikas`, तिसरा `krushivikaas`, आणि तिघांचेही कान बरोबर असतील. २०१४ पासून पत्त्यात `.भारत` लिहिता येते, पण ‘कृषि’ की ‘कृषी’ हा प्रश्न तिथेही उरतो, कारण शेवटची ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आपण बोलताना वेगळी उच्चारतच नाही. स्पेलिंग सांगावेच लागले तर बी, डी, पी, टी हे एकमेकांत मिसळतात. तिथे ‘पी पुण्याचा, डी दिल्लीचा’ असे गावाचे नाव जोडा.

हे सगळे जमले की नाही हे तपासायला, संहिता न पाहिलेल्या माणसाला ती एकदाच वाचून दाखवा आणि त्याने काय लिहिले ते बघा. ८६चे ६८ झाले असतील तर जोड्या कुठे तरी राहून गेल्या आहेत. ७च्या जागी ८ असेल तर आवाज गळतो आहे. तुकड्याचा शेवटचा आकडा नसेल तर थांबा कमी पडला आहे. आणि पत्ता दोनदा ऐकूनही नीट लिहिला गेला नाही, तर तो घोषणेतून काढा आणि त्या जागी फोन नंबर द्या.