दोन तासांनी कूस, चार तासांनी नळी

आंबे काढताना झाडावरून पडून मणक्याला मार बसणं कोकणात नवं नाही. समजा, असाच एक चाळिशीतला माणूस ऑपरेशन होऊन घरी आलाय. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात मात्र शाबूत आहेत. तो चालेल का, हेच जो तो विचारतो. घरातला दिवस मात्र त्याच्या कातडीभोवती आणि लघवीभोवती फिरणार असतो.

आपण बसल्या बसल्या नकळत चुळबुळ करतो, कारण दाब पडला की कातडी कळवते. त्याची कळवत नाही. म्हणून अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. व्हीलचेअरवर असताना दर अर्ध्या तासाने पुढे ओणवं होऊन दोनेक मिनिटं तसंच राहायचं, म्हणजे बसण्याच्या हाडांवरचा भार उतरतो. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, नितंब, टाचा, घोटे न्याहाळायचे; मागचं हातआरशात दिसतं. लालसर जागा दिसली तर बोटाने दाबून बघायची. दाबल्यावर ती फिकी पडली नाही, तर आत इजा सुरू झाली आहे. त्या जागेवर भार पूर्ण बंद करायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. इथे आई हमखास तेल चोळायला घेते. चोळू नये, आतला मांसल भाग आणखी दुखावतो. शेजारी हवेची रबरी रिंग आणून देतात, तीही नको, कारण तिच्या कडांनीच रक्तपुरवठा अडतो. गरम पाण्याची पिशवी तर पायांजवळही नेऊ नये. भाजलेलं त्याला कळणार नाही.

मूत्राशय भरल्याचंही कळत नाही. म्हणून घड्याळ लावून, चार ते सहा तासांनी, साबणाने हात धुऊन तो स्वतःच कॅथेटर घालून लघवी काढतो. हे तंत्र अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी 1972 मध्ये रूढ केलं. प्रत्येक वेळी मापाच्या भांड्यात बघून वहीत लिहायचं. आकडा 500 मिलीच्या आत हवा. रात्री 10 ला 650 निघाले तर मूत्राशय ताणलं गेलं, मागचा दाब मूत्रपिंडावर जातो. अशा वेळी बरेच जण पाणीच तोडतात आणि जंतुसंसर्ग ओढवून घेतात. त्यापेक्षा पाणी दिवसभरात विभागून प्यावं, संध्याकाळनंतर कमी, आणि संध्याकाळची नळी तासभर अलीकडे आणावी. लघवी गढूळ, वास उग्र, ताप, पाय जास्त आखडू लागणं, यांपैकी काही दिसलं की डॉक्टरांना गाठायचं.

इजा छातीच्या मध्याच्या वर असेल, तर तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवी काढा. तरी उतार नसेल तर थेट रुग्णालय.

बायकोने नळी घालायची का? हात चालत असतील तर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला रात्रीची कूस, आठवड्याचं सामान आणि आरशातही न दिसणारी जागा पुरे. रात्रीची एक पाळी मुलाने घ्यावी, नाहीतर महिन्याभरात तिचीच पाठ धरते.