बचत योजनेमुळे वाढली की पगारामुळे?

अमेरिकेतल्या नोकरदाराच्या तोंडी '४०१(के)' हे नाव आपल्याकडच्या 'पीएफ'इतकंच सहज येतं. त्यांच्या आयकर कायद्यात १९७८ साली हे कलम आलं. पगारातला काही भाग कर न भरता निवृत्तीसाठी बाजूला टाकायचा आणि कर भरायचा तो पुढे पैसे काढताना, अशी ही सोय. पण ती सगळ्यांना नसते. मालकाने योजना सुरू केली असेल तरच मिळते. मग प्रश्न असा की, या सवलतीमुळे माणसं खरोखर जास्त बचत करतात, की एरवी केलीच असती ती बचत फक्त दुसऱ्या खात्यात जाते?

१९९१ च्या सरकारी सर्वेक्षणातल्या ९,९१५ कुटुंबांचे आकडे यासाठी वारंवार वापरले गेले आहेत. ज्यांना योजना उपलब्ध होती, त्यांच्याकडे सरासरी ३०,३४७ डॉलरची निव्वळ आर्थिक मालमत्ता होती. ज्यांना नव्हती, त्यांच्याकडे १०,७८८. फरक १९,५५९ डॉलरचा. पण या फरकाचं सगळं श्रेय योजनेला देता येत नाही. अशा योजना देणाऱ्या नोकऱ्यांमध्ये मुळात पगार जास्त असतो आणि ज्याला पगार जास्त, त्याची बचतही जास्त. पोटर्बा, व्हेंटी आणि वाइज या अर्थशास्त्रज्ञांचा युक्तिवाद असा होता की, सुरुवातीच्या वर्षांत लोक ही योजना बघून नोकरी धरत नव्हते. त्यामुळे उत्पन्न आणि तशाच काही गोष्टी सारख्या असलेल्या कुटुंबांची तुलना केली, तर उरतो तो परिणाम योजनेचा.

'तशाच काही गोष्टी' म्हणजे वय, उत्पन्न, शिक्षण, कुटुंबाचा आकार, लग्न झालंय का, घरात कमावते दोघं आहेत का, स्वतःचं घर आहे का. यांना 'कंट्रोल' म्हणतात. यादी छोटी दिसते, पण उत्पन्नाचा बचतीशी संबंध सरळ रेषेत नसतो. पंचविशीतल्या माणसाचं उत्पन्न आणि पंचावन्नाव्या वर्षीचं उत्पन्न यांचा बचतीवरचा परिणामही वेगळा. वर्ग, गुणाकार, टप्पे धरत गेलं की यादी शेकड्यांत जाते. त्यातलं काय ठेवायचं हे अभ्यासकाने स्वतःच ठरवलं, तर हवं ते उत्तर येईपर्यंत यादी बदलण्याचा मोह असतो. म्हणून निवड यंत्राकडे सोपवायची. लॅसो ही पद्धत निरुपयोगी घटकांचे गुणांक शून्यावर आणून त्यांना गाळते. रँडम फॉरेस्ट शेकडो निर्णयवृक्षांची सरासरी काढून अंदाज बांधतं.

खरी अडचण इथेच सुरू होते. यंत्राला 'बचतीचा अंदाज कर' एवढंच सांगितलं, तर बचतीशी संबंध जेमतेम असलेला घटक ते टाकून देतं. अंदाजापुरतं ते बरोबरच आहे. पण तोच घटक योजना मिळण्याशी घट्ट जोडलेला असेल, तर त्याचा बचतीवरचा परिणाम योजनेच्या नावावर जमा होतो. शिवाय नंतर काढलेली त्रुटीची मर्यादा अशा थाटात छापली जाते, जणू ही यादी आकडे बघण्याआधीच ठरली होती.

बेलोनी, चेर्नोझुकोव्ह आणि हॅन्सेन यांनी २०१४ मध्ये सुचवलेला उपाय साधा आहे. निवड दोनदा करायची: एकदा बचतीचा अंदाज करणारे घटक, एकदा योजना कोणाला मिळेल याचा अंदाज करणारे. दोन्हीपैकी कुठल्याही यादीत आलेला घटक ठेवायचा. २०१८ मध्ये चेर्नोझुकोव्ह आणि इतर सहा जणांच्या निबंधात हीच कल्पना कोणत्याही मशीन लर्निंग पद्धतीला लागू होईल अशी मांडली गेली. त्या सहा जणांत पुढल्याच वर्षी नोबेल मिळालेल्या एस्तेर ड्युफ्लोही होत्या.

कृती अशी. समजा, एका कुटुंबाची माहिती बघून पहिलं मॉडेल म्हणालं की त्यांची बचत २०,००० डॉलर असावी. प्रत्यक्षात आहे २६,०००, उरले ६,०००. दुसरं मॉडेल म्हणालं की त्यांना योजना मिळण्याची शक्यता ०.६ आहे. प्रत्यक्षात मिळाली, म्हणजे १, उरले ०.४. प्रत्येक कुटुंबासाठी असे दोन 'उरलेले' आकडे काढायचे आणि पहिला दुसऱ्याबरोबर किती हलतो ते पाहायचं. वय-उत्पन्नाने जे समजावता आलं ते दोन्हीकडून वजा झालंय. उरलेल्यांतलं नातं हेच आपलं उत्तर.

दोन्ही बाजूंनी वजाबाकी करण्याचा मोठा फायदा म्हणजे उत्तरात शिरणारी चूक साधारणपणे दोन मॉडेलांच्या चुकांच्या गुणाकाराइतकी राहते. दहा हजार कुटुंबांच्या नमुन्यात नशिबाचा चढउतार, सोयीच्या मापाने, शंभरात एक धरा. दोन्ही मॉडेलं दहात एक एवढी चुकत असली, तरी गुणाकार शंभरात एकच. मॉडेलं याहून थोडी जरी सरस असली, तरी त्यांच्या चुका नशिबाच्या चढउतारात बुडून जातात. म्हणजे ती अचूक नसली तरी चालतं. बरी असली की पुरे.

आता राहिली नमुन्याची विभागणी. लवचिक मॉडेल ज्या कुटुंबांवर शिकतं, त्यांच्या योगायोगाच्या गोष्टीही पाठ करतं. कोणाला वारसाहक्काने पैसे मिळाले असतील, कोणाचं आजारपणात सगळं गेलं असेल. मग त्याच कुटुंबांचा अंदाज विचारणं म्हणजे फुटलेल्या पेपरची परीक्षा. 'उरलेले' आकडे खोटे लहान येतात, आणि एका कुटुंबाचा योगायोग त्याच्याच अंदाजात मिसळल्यामुळे उत्तर एका बाजूला झुकतं. म्हणून कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकून पाच गट करायचे. चार गटांवर शिकायचं, पाचव्याचे अंदाज करायचे. मग पाळी बदलायची. पाच फेऱ्यांत प्रत्येकाचा अंदाज त्याला न पाहिलेल्या मॉडेलने केलेला असतो आणि एकही कुटुंब वाया जात नाही. अशा रीतीने काढलं, की नेहमीची प्रमाण त्रुटी पुन्हा विश्वासार्ह ठरते.

४०१(के)चं उत्तर या पद्धतीने आठ ते नऊ हजार डॉलरच्या आसपास येतं, प्रमाण त्रुटी साधारण तेराशेची. लॅसो वापरा किंवा फॉरेस्ट, आकडा फार हलत नाही. परिणाम आहे, पण सुरुवातीच्या एकोणीस हजारांच्या निम्म्याहून कमी.

चिठ्ठ्या वेगळ्या पडल्या तर आकडा थोडा बदलतो. म्हणून विभागणी अनेकदा करून मधला आकडा घ्यावा. विभागणीगणिक उत्तर हजारोंनी उड्या मारत असेल, तर कुठलंच उत्तर छापू नये, असं माझं मत. दुसरी तपासणी योजना मिळण्याच्या शक्यतांची. काही कुटुंबांसाठी ती ०.०१ किंवा ०.९९ येत असेल, तर त्यांच्यासारखी पण उलट स्थितीतली कुटुंबं नमुन्यात जवळपास नाहीतच. तिथे मॉडेल तुलना करत नसतं, हवेत रेघ ओढत असतं.

आणि एक गोष्ट यंत्राच्या हातातच नाही. या आकडेवारीत कुटुंबाचं 'आयआरए' हे वैयक्तिक निवृत्ती खातं आहे का, याचीही नोंद आहे. बचतीचा अंदाज करायला ती उत्तम, त्यामुळे यंत्र ती आनंदाने उचलेल. पण ४०१(के) मिळाल्यामुळेच कोणी आयआरए बंद केलं असेल, तर ती नोंद हा योजनेचाच परिणाम आहे, आणि तो कंट्रोल म्हणून वजा केला की परिणामाचा एक तुकडाही वजा होतो. आधी काय घडलं, नंतर काय, हे आकड्यांच्या रकान्यांवर लिहिलेलं नसतं. बचतीची मुळातली आवड तर कुठल्याच रकान्यात नाही. त्यासाठी अजूनही पोटर्बा, व्हेंटी आणि वाइज यांच्या त्या जुन्या युक्तिवादावरच भिस्त ठेवावी लागते.