फोटोतला तक्ता आणि हरवलेला उणे

१९०८ च्या मार्चमध्ये ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक लेख छापून आला. लिहिणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत. लेखात एक छोटा तक्ता आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलामझू येथे मनोरुग्णालय होते. तिथल्या दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे दिल्यावर प्रत्येकाची झोप किती तासांनी वाढली किंवा घटली, याची ती नोंद. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही या तक्त्यावर हात बसवतात. त्या जुन्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्यातून सरासरी, मध्यक व प्रमाण विचलन काढायचे, हे काम सोपे वाटते. अडचण गणितात नाही, आकडे फोटोतून शीटमध्ये उतरताना येते.

पहिल्या औषधाचा स्तंभ असा आहे: ०.७, उणे १.६, उणे ०.२, उणे १.२, उणे ०.१, ३.४, ३.७, ०.८, ० आणि २.०. उणे म्हणजे त्या रुग्णाची झोप औषधाने उलट कमी झाली.

आधी हे गणित हाताने करून बघू. दहाही आकड्यांची बेरीज ७.५ येते, म्हणून सरासरी ०.७५ तास. मध्यकासाठी आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. दहा ही सम संख्या असल्याने मधले दोन, म्हणजे पाचवा आणि सहावा आकडा घ्यायचा. ते आहेत ० आणि ०.७, त्यांच्या मधोमध ०.३५. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरले आहेत त्याचे माप. प्रत्येक आकड्यातून ०.७५ वजा करून त्याचा वर्ग करायचा. सातव्या रुग्णाचा फरक २.९५, त्याचा वर्ग सुमारे ८.७०, दुसऱ्याचा फरक उणे २.३५, त्याचा वर्ग सुमारे ५.५२. असे दहा वर्ग मिळवले की २८.८ भरतात. या बेरजेला ९ ने भागून वर्गमूळ काढले की १.७९ मिळते.

आता फोटो. एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये चित्रातला तक्ता थेट चौकटींत उतरवण्याची सोय आहे, गूगल लेन्सने मजकूर उचलून चिकटवताही येतो. आकडे B2 ते B11 या चौकटींत बसले, की पुढची सूत्रे पुरतात:

```
=COUNT(B2:B11)
=AVERAGE(B2:B11)
=MEDIAN(B2:B11)
=STDEV.S(B2:B11)
```

यातले पहिले सूत्र उगीच नाही. छापील उणे चिन्ह ही जराशी लांब आडवी रेघ असते आणि कीबोर्डवरचे उणे हे वेगळे चिन्ह आहे. ओळखणाऱ्या प्रणालीने छापील रेघ जशीच्या तशी उचलली, तर एक्सेल त्या चौकटीतला मजकूर आकडा म्हणून धरतच नाही. तक्रारही करत नाही. AVERAGE आणि MEDIAN ती चौकट गुपचूप वगळून पुढे जातात. मग दहापैकी सहाच रुग्ण उरतात आणि सरासरी ०.७५ ऐवजी १.७७, मध्यक ०.३५ ऐवजी १.४ दिसतो. दोन्ही उत्तरे ऐकायला अगदी पटण्यासारखी. COUNT मात्र १० ऐवजी ६ दाखवतो. डोळ्यांनाही खूण सापडते: आकडे चौकटीत उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे.

रेघ पुसट असेल तर ती पूर्णच गळते आणि उणे १.६ चे १.६ होतात. इथे COUNT दहाच दाखवतो, म्हणून ही चूक जास्त धूर्त. चारही उणे गेले की सरासरी १.३७ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि मध्यक १.० होतो. प्रमाण विचलन मात्र १.७९ वरून १.३२ पर्यंत उतरते. ज्यांची झोप घटली तेही झोप वाढलेल्यांच्या रांगेत जाऊन बसले, त्यामुळे आकडे एकमेकांजवळ सरकले. औषध अधिक गुणकारी दिसते आणि परिणाम अधिक एकसारखाही.

दशांशचिन्हाचे आणखी निराळे. जुन्या ब्रिटिश छपाईत ते टिंब तळाशी नसून आकड्याच्या मध्यावर असे. फोटो जरा हलला किंवा पानावर सावली पडली की ते दिसेनासे होते आणि सातव्या रुग्णाचे ३.७ तास ३७ होतात. सरासरी ०.७५ वरून थेट ४.०८ वर जाते, प्रमाण विचलन ११.६६ होते. मध्यक ढिम्म हलत नाही, ०.३५ च राहतो, कारण तो फक्त मधल्या दोन आकड्यांकडे बघतो. म्हणून तिन्ही मापे शेजारी ठेवणे कामाचे ठरते. सरासरी आणि मध्यक इतके फाकले, की आधी सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यावर बोट ठेवून फोटोशी ताडून पाहावे.

सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडचा आकडा संशयास्पद, असा एक प्रचलित नियम आहे. इथे तो आंधळा ठरतो. ३७ हा आकडा सरासरीपासून २.८२ प्रमाण विचलनांवरच सापडतो, कारण प्रमाण विचलन त्यानेच फुगवलेले असते. फक्त दहा आकडे असतील तर कोणताही आकडा २.८५ पटीच्या पुढे जाऊच शकत नाही.

सर्वांत भरवशाची तपासणी तक्त्यातच दडलेली असते. गॉसेट यांनी दुसऱ्या औषधाचे आकडे आणि दोहोंतला फरक असे आणखी दोन स्तंभ छापले आहेत. दुसऱ्या रुग्णाच्या ओळीत दुसऱ्या औषधाचे ०.८ आहेत आणि फरक २.४. पहिल्या औषधाचा उणे हरवला असेल तर ०.८ वजा १.६ करून उणे ०.८ येते, २.४ नाही. ओळ आपोआप पकडली जाते. सातव्या ओळीतही तसेच: ५.५ वजा ३.७ म्हणजे १.८, पण ३७ घेतले तर हिशोब कुठल्या कुठे जातो. म्हणून फोटो काढताना फक्त हवा तो स्तंभ न घेता बेरजेची ओळ, सरासरी आणि फरकाचा स्तंभ यांसकट अख्खा तक्ता चौकटीत घ्यावा.

तक्त्याखाली छापलेल्या उत्तरांशी ताडताना एक धक्का बसतो. सरासरी ०.७५ जुळते, पण प्रमाण विचलन १.७० छापले आहे आणि एक्सेल १.७९ दाखवतो. इथे फोटो निर्दोष आहे. गॉसेट यांनी वर्गांच्या बेरजेला १० ने भागले होते, तर STDEV.S हे सूत्र ९ ने भागते, कारण ते दहा रुग्णांना मोठ्या समूहाचा नमुना मानते. STDEV.P वापरले की बरोबर १.७० येते. शाळेच्या पुस्तकातल्या उत्तराशी किंवा कॅल्क्युलेटरशी थोडासा फरक पडला, तर बहुधा भाजक वेगळा असतो.

या साऱ्या तपासण्यांतून एक चूक मात्र सुटते. गॉसेट यांनी दोन स्तंभांना हायोसायमिन या एकाच औषधाच्या दोन रूपांची नावे दिली. मूळ आकडे कुश्नी आणि पीबल्स यांच्या १९०५ च्या शोधनिबंधातले आहेत. तिथे दुसरा स्तंभ हायोसिन या वेगळ्याच औषधाचा होता. एकही आकडा बदललेला नव्हता, सरासरी आणि फरक तंतोतंत जुळत होते. ही गफलत फक्त १९०५ चा निबंध शेजारी उघडून दोन्ही मथळे वाचल्यावरच सापडते.