एका छातीत दोन आजार

हृदयाचं काम मंदावलेल्या रुग्णाच्या छातीचा एक्स-रे काढला, की पुष्कळदा दोन गोष्टी एकत्र दिसतात: हृदय मोठं झालेलं असतं आणि फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं असतं. डॉक्टर रिपोर्टमध्ये दोन्ही लिहितात. ‘हृदय की पाणी, दोनांपैकी एकच सांगा’ असं त्यांना कोणी म्हणत नाही. संगणकाला एक्स-रे वाचायला शिकवताना मात्र प्रश्न नीट मांडला नाही, तर नेमकं हेच त्याच्यावर लादलं जातं.

संगणकानं वर्गीकरण करायचं ते दोन प्रकारचं असतं. माणसाचा रक्तगट ए, बी, एबी किंवा ओ यांपैकी एकच असतो, म्हणून तो ओळखणं हे मल्टि-क्लास काम. छातीच्या एक्स-रेवर एकही दोष नसेल, एक असेल किंवा चार असतील. हे मल्टि-लेबल काम. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं (एनआयएच) 2017 साली ‘चेस्ट एक्स-रे 14’ नावाचा मोठा संग्रह खुला केला. त्यात 30,805 रुग्णांचे 1,12,120 एक्स-रे आहेत आणि प्रत्येकाला चौदा दोषांपैकी जे असतील तितक्यांची लेबलं लावलेली आहेत. निम्म्याहून अधिक एक्स-रेंवर चौदांपैकी एकही दोष नोंदलेला नाही.

आता मॉडेलच्या शेवटच्या पायरीवर काय घडतं ते पाहू. एक्स-रे तपासून मॉडेल प्रत्येक दोषासाठी एक कच्चा आकडा काढतं. सोयीसाठी चारच दोष घेऊ. समजा, फुप्फुसाभोवतीच्या पाण्याला 2, मोठ्या हृदयाला 1.5, फुप्फुसाचा भाग आक्रसण्याला उणे 0.5 आणि न्यूमोथोरॅक्सला, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठण्याला, उणे 3 असे आकडे आले.

मल्टि-क्लास कामात हे आकडे सॉफ्टमॅक्स नावाच्या सूत्रातून जातात. सॉफ्टमॅक्स म्हणजे एकच रुपया चौघांत वाटणं: एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होणारच. आपल्या आकड्यांवर त्यातून पाण्याला 0.59, हृदयाला 0.36, आक्रसण्याला 0.05 आणि न्यूमोथोरॅक्सला जेमतेम 0.004 मिळतात. हृदय खरोखर मोठं असूनही त्याचा आकडा निम्म्याखाली गेला, तो केवळ शेजारी पाणी दिसलं म्हणून. निरोगी छातीचं तर आणखी वाईट. चारही आकडे उणे 3 आले, म्हणजे मॉडेल चारही दोष नाकारत असलं, तरी रुपया पूर्ण वाटायचाच असल्यामुळे प्रत्येकाच्या पदरात 0.25 पडतात.

सिग्मॉइड हे सूत्र प्रत्येक आकड्याकडे स्वतंत्रपणे पाहतं. कच्चा आकडा x असेल, तर उत्तर 1/(1+e^(-x)). शून्याचं उत्तर 0.5 येतं, मोठा अधिक आकडा एकाजवळ जातो आणि मोठा उणे आकडा शून्याजवळ. तेच चार आकडे आता 0.88, 0.82, 0.38 आणि 0.05 होतात. त्यांची बेरीज एकाहून कितीतरी जास्त आहे आणि ती तशीच असायला हवी, कारण हे चार वेगळ्या प्रश्नांचे चार जबाब आहेत. निरोगी छातीच्या चारही उणे 3 आकड्यांचं उत्तर प्रत्येकी 0.05 येतं. यासाठी चौदा मॉडेलं बांधावी लागत नाहीत. एक्स-रे पाहणारं जाळं एकच असतं, फक्त शेवटचे जबाब वेगळे असतात.

शिकवतानाची चूकही याच पद्धतीनं, एकेका लेबलागणिक मोजतात. तिला बायनरी क्रॉस-एंट्रॉपी म्हणतात. दोष खरोखर असेल तर मॉडेलनं दिलेल्या संभाव्यतेचा, आणि नसेल तर एकातून ती वजा करून उरणाऱ्या आकड्याचा लॉगरिदम घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. समजा आपल्या एक्स-रेत पाणी, मोठं हृदय आणि आक्रसलेला भाग हे तिन्ही होते, न्यूमोथोरॅक्स नव्हता. मग चुका अनुक्रमे 0.13, 0.20, 0.97 आणि 0.05 येतात, सरासरी सुमारे 0.34. यातली बहुतेक चूक एकट्या आक्रसलेल्या भागाची आहे, कारण तो असूनही मॉडेलनं 0.38 च म्हटलं. त्यामुळे सुधारणेचा सर्वांत मोठा धक्का त्याच जबाबाला बसतो. पाण्याचा जबाब बरोबर होता, त्याला फारसा हात लागत नाही.

इथवरचं गणित सरळ आहे. खरी जबाबदारी पुढे सुरू होते. डॉक्टरांना 0.38 नको असतं, ‘आहे’ की ‘नाही’ हवं असतं. मग कुठल्या आकड्यापासून ‘आहे’ म्हणायचं? सवयीनं 0.5 ही सीमा, म्हणजे थ्रेशोल्ड, धरली जाते आणि दुर्मिळ दोषांच्या बाबतीत ती घातक ठरते. ‘चेस्ट एक्स-रे 14’ मध्ये हर्नियाचे एक्स-रे फक्त 227 आहेत. मॉडेलनं हर्निया एकदाही सांगितला नाही, तरी त्या लेबलावर त्याची अचूकता 99.8 टक्के भरते.

म्हणून थ्रेशोल्ड प्रत्येक लेबलासाठी वेगळा ठरवतात, तोही शिकवताना न वापरलेल्या, बाजूला ठेवलेल्या एक्स-रेंवर. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. असे 1,000 एक्स-रे आहेत आणि त्यांत न्यूमोथोरॅक्सचे 50. थ्रेशोल्ड 0.5 ठेवला तर मॉडेल 20 जणांना ‘आहे’ म्हणतं, त्यांतले 15 खरे, पण 35 रुग्ण सुटतात. 0.2 वर आणला तर 70 इशारे येतात, 40 खरे असतात, 10 सुटतात. 0.05 वर 240 इशारे, 48 खरे आणि सुटतात फक्त दोन. खरे इशारे आणि पकडलेले रुग्ण यांचा मेळ घालणारा एफ-1 हा निर्देशांक अनुक्रमे 0.43, 0.67 आणि 0.33 येतो, म्हणून गणित 0.2 कडे बोट दाखवतं. पण न्यूमोथोरॅक्स सुटला तर जिवावर बेतू शकतं. माझ्या मते अशा दोषासाठी ‘शंभरातले निदान पंचाण्णव सापडलेच पाहिजेत’ असं आधी ठरवावं आणि ती अट पाळणारा सर्वांत वरचा थ्रेशोल्ड निवडावा, खोटे इशारे वाढले तरी. इथे 0.05 नं ती अट पूर्ण होते. किती खोटे इशारे झेपतील, हे मात्र एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचं.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात हर्नियाचे वीसेकच एक्स-रे आले, तर त्यांवरून निवडलेला थ्रेशोल्ड चार-दोन एक्स-रे बदलताच हलतो. गठ्ठा वेगळ्या पद्धतीनं दोन-चारदा पाडून पाहिलं की हे लगेच कळतं. दुसरी अडचण लेबलांतच असते. ल्यूक ओकडेन-रेनर या ऑस्ट्रेलियन रेडिऑलॉजिस्टनं दाखवून दिलं, की या संग्रहातल्या न्यूमोथोरॅक्सच्या अनेक एक्स-रेंमध्ये छातीत उपचाराची नळी आधीच घातलेली आहे. मॉडेल हवेऐवजी नळी ओळखायला शिकलं, तर बाजूच्या गठ्ठ्यावर थ्रेशोल्ड उत्तम वाटतो, पण नळी नसलेला, अजून उपचार न झालेला रुग्णच सुटतो. त्यामुळे नळी नसलेले एक्स-रे वेगळे काढून त्यांच्यावर किती रुग्ण सुटतात, हे मोजलंच पाहिजे.

आपल्याकडे असं मॉडेल वापरायचं झालं तर थ्रेशोल्ड आपल्याच रुग्णालयाच्या एक्स-रेंवर नव्यानं तपासावे लागतील, कारण आजारांचं प्रमाण जागेगणिक बदलतं. आणि एक गोष्ट कुठल्याही थ्रेशोल्डनं भरून निघणार नाही. सिग्मॉइडमुळे मॉडेल चौदाही प्रश्नांना ‘नाही’ म्हणू शकतं, पण ते विचारलेल्या प्रश्नांपुरतंच. त्या चौदा लेबलांत क्षयरोग नाही.