आपण म्हणजे नक्की कोण?

वैभववाडीच्या बाजारपेठेत माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लोक कागदाच्या नकला काढायला येतात आणि जाता जाता त्याच कागदाचा अर्थही विचारून घेतात. त्यातूनच कागद सोपे करून लिहून द्यायचं एक जोडकाम गळ्यात पडलं. कोणी ग्रामसभेची सूचना आणतं, कोणी सोसायटीचं पत्र, कोणी लग्नपत्रिकेचा मजकूर. या कामात सगळ्यात जास्त वेळ अवघड शब्द बदलण्यात जात असेल असं लोकांना वाटतं. 'वंचित'चं 'मिळणार नाही' करायला अर्धं मिनिट पुरतं. खरा वेळ जातो तो वाचणाऱ्याला आपण म्हणायचं, तुम्ही म्हणायचं की तू, हे ठरवण्यात आणि ठरवल्यावर ते शेवटच्या क्रियापदापर्यंत निभावण्यात.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. भाताची लावणी आटपली होती. घाटाच्या पायथ्याकडच्या एका गावातले सत्तरीचे आजोबा चार घड्या घातलेली सूचना घेऊन आले. ई-पीक पाहणीची सूचना होती. ऑगस्ट २०२१पासून शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची, अशी पद्धत राज्यभर सुरू झाली. त्याआधी ती नोंद तलाठी करायचे. सूचनेतला मजकूर साधारण असा होता:

'सर्व खातेदारांना कळविण्यात येते की, आपण खरीप हंगामातील आपल्या पिकाची नोंद केली नसल्यास ती त्वरित करण्यात यावी. अन्यथा आपणास नुकसानभरपाईपासून वंचित राहावे लागेल व त्यास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.'

मी वाचून दाखवलं. आजोबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आपण म्हणजे आमी नि तलाठी, दोघांनी मिळान मा?"

हसण्यासारखी गोष्ट नव्हती. आजोबांचं मराठी पक्कं होतं, चूक सूचनेची होती. आमच्या मालवणी बोलीत 'आपण' रोज ऐकू येतो, पण तो 'आपण सगळे' या अर्थाने. आपण जावया, आपण बघूया. समोरच्याला मान देऊन 'आपण' म्हणणं हे व्याख्यानात, पत्रिकेत आणि सरकारी कागदात. अंगणात कोणी कोणाला तसं म्हणत नाही. मग ज्या माणसाने आयुष्यभर पीक पाहणी म्हणजे तलाठ्याचं काम हे पाहिलं, त्याने 'आपण नोंद केली नसल्यास' याचा अर्थ 'तुम्ही-आम्ही मिळून' असा लावला तर नवल काय?

आता ती सूचना जवळून पाहा. 'आपण' हे सर्वनाम मराठीत तीन कामं करतं. बोलणारा आणि ऐकणारा मिळून 'आपण', मानाचा दुसरा पुरुष 'आपण', आणि शाळेत ज्याला आत्मवाचक म्हणतात तो 'स्वतः' या अर्थाचा 'आपण'. यातला नेमका कोणता, हे सर्वनामावरून कळत नाही. ते कळतं क्रियापदाच्या शेपटीवरून. 'आपण जातो' म्हणजे आपण सगळे, 'आपण जाता' म्हणजे तुम्ही. 'आपण जाऊ' आणि 'आपण जाल' यांतही तोच फरक. शेपटी शाबूत असेल तर गोंधळ होत नाही. पण सरकारी मराठीला शेपटी कापायची हौस. 'नोंद केली नसल्यास' यात पुरुष कुठे आहे? 'करण्यात यावी' यात करणारा कोण? 'आपणास राहावे लागेल' हे तर आपल्या सगळ्यांना लागू पडतं. आख्ख्या सूचनेत 'आपण म्हणजे तुम्ही' असं सांगणारा एकच शब्द आहे: 'राहाल'. तोही अगदी शेवटी, कान थकल्यावर.

भूतकाळात तर चांगला लिहिणाराही फसतो. 'आपण अर्ज केला होता.' कोणी? 'आपण केलेल्या चर्चेनुसार' हे पत्रातलं लाडकं वाक्य घ्या. चर्चा पत्र पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून केली, की घेणाऱ्याने तिसऱ्याच कोणाशी? दोन्ही अर्थ तितकेच सरळ निघतात. 'आपण अर्ज केलात' असं लिहिलं असतं तर एका 'त'ने प्रश्न मिटला असता.

मी एक चाचणी वापरतो. जिथे 'आपण' आहे तिथे पुढे 'सगळे' लावून वाचायचं. 'आपण सगळे जबाबदार राहाल' हे कानाला खटकतं, म्हणजे तिथला 'आपण' सुरक्षित आहे. 'आपण सगळ्यांनी नोंद केली नसल्यास' हे खुशाल चालून जातं, म्हणजे तिथे धोका आहे. खटकलं तर ठेवा, खपलं तर बदला.

आजोबांसाठी मी ती सूचना अशी लिहून दिली: 'तुमच्या शेतातल्या भाताची नोंद तुम्ही स्वतः मोबाइलवरून करायची आहे. तलाठी येऊन नोंद करतील म्हणून थांबू नका. नोंद राहिली आणि पिकाचं नुकसान झालं, तर भरपाई मिळायला अडचण येईल.' इथे 'तुम्ही'च का? बोलताना तर आजोबा मला तू म्हणतात, मीही आमच्या म्हाताऱ्यांना तूच म्हणत आलो. 'खंय जातंस?' हा प्रश्न आमच्याकडे पोराला विचारतात तसाच आजीलाही विचारतात, त्यात अपमान नसतो. पण त्या 'तू'ला आवाज असतो, चेहरा असतो. कागदावर यातलं काही येत नाही. शिक्का मारलेल्या कागदावरचा 'तू' दरडावल्यासारखाच वाचला जातो.

दुसरं कारण व्याकरणाचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रमाण मराठीत 'तू' म्हटलं की बऱ्याच रूपांत वाचणारा पुरुष की स्त्री हे ठरवावं लागतं. तू करतोस की करतेस, तू आलास की आलीस. मालवणीत 'तू करतंस' दोघांनाही चालतं, प्रमाण भाषेत ही सोय नाही. 'तुम्ही करता', 'तुम्ही आलात' म्हटलं की तो प्रश्नच उरत नाही. सातबाऱ्यावर बायकांचीही नावं असतात. सूचना सगळ्यांसाठी असेल तर 'तुम्ही' हा एकच शब्द सगळ्यांना बसतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आजोबांकडे स्मार्टफोन नव्हता. फोन होता नववीतल्या नातवाकडे. म्हणजे कागद आजोबांचा, पण प्रत्यक्ष करणारा नातू. मग त्याच कागदाच्या मागे मी त्याच्यासाठी वेगळं लिहिलं, आणि तिथे 'तू' घेतला: 'आजोबांचा खाते क्रमांक सातबाऱ्यावर बघ. ॲपमध्ये जिल्हा, तालुका, गाव निवड. गट नंबर आला की पीक निवड. मग शेतात जा आणि तिथूनच फोटो काढ, घरात बसून काढू नकोस.' शेवटची सूचना फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात म्हणून. पोरगा एकटा, ओळखीचा, काम एकेक पायरीचं. इथे 'आपण कृपया गट क्रमांक निवडावा' म्हटलं असतं तर तो हसला असता.

यात एक गंमत बघा. या सूचनांत 'तू' हा शब्द एकदाही आलेला नाही. बघ, निवड, काढ, नकोस यांनीच तो कळतो. आज्ञार्थात लिंगही आड येत नाही, त्यामुळे नातीने वाचलं तरी चाललं असतं. मी आधी 'शेतात उभा राहून फोटो काढ' लिहिलं होतं. 'उभा' खोडलं, कारण धाकटी बहीण फोन घेऊन गेली तर तिला ते 'उभी' करून वाचावं लागलं असतं. आणखी एक बारकावा: 'जा' आणि 'खा' ही रूपं तू आणि तुम्ही दोघांना सारखीच आहेत. म्हणून सूचनेची सुरुवात 'जा'ने केली तर वाचणाऱ्याला आपल्याला काय म्हटलंय ते कळत नाही, पुढच्या 'काढ' किंवा 'काढा'पर्यंत थांबावं लागतं. सुरुवात नेहमी स्पष्ट क्रियापदाने करावी.

याच कामात माझी स्वतःची फजितीही झाली, तीही सांगून टाकतो. पुढे गावातल्या फलकासाठी एक लांबलचक माहितीपत्रक सोपं करायचं होतं. घाईत मी संगणकावर 'आपण'च्या जागी 'तुम्ही' आणि 'आपल्या'च्या जागी 'तुमच्या' अशी एका फटक्यात बदली मारली. 'आपणास'चं 'तुम्हीस' झालं, 'आपणहून'चं 'तुम्हीहून' झालं. ती दिसली म्हणून दुरुस्त केली. न दिसलेली चूक वाईट होती. मूळ वाक्य होतं, 'प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या जमिनीत उभे राहून छायाचित्र घ्यावे.' तिथला 'आपल्या' आत्मवाचक, म्हणजे ज्याच्या त्याच्या. छापून आलं, 'प्रत्येक शेतकऱ्याने तुमच्या जमिनीत उभे राहून छायाचित्र घ्यावे.' बांधावरून तीन पिढ्या भांडणाऱ्या गावात हे वाक्य फलकावर लागलं. दोन दिवस मला चहाच्या टपरीवरून जाणं मुश्कील झालं. तेव्हापासून बदली करायची तर एकेक जागा बघून, आणि वाक्यात 'शेतकऱ्याने', 'अर्जदाराने' असा तिसरा पुरुष दिसला की 'आपला'ला हात लावायचा नाही.

तिसरा वाचक मुंबईत होता. सिंधुदुर्गातल्या पुष्कळ सातबाऱ्यांसारखाच आजोबांचाही सामाईक, आणि त्यातला एक चुलतभाऊ गिरणगावात वाढलेला. त्याला नोंदीबद्दल कळवायचं होतं. मी पहिल्या मसुद्यात 'तुम्ही' लिहिलं. आजोबांनी थांबवलं. लहानपणापासून ज्याला तू म्हटलं त्याला जमिनीच्या कागदात तुम्ही म्हटलं, तर त्याला वाटेल यांनी वकील गाठला. बरोबर होतं त्यांचं. भावाभावात 'तू'चं 'तुम्ही' होणं हे भांडणाचं पहिलं पाऊल असतं, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यांनीच एकमेकांना 'तू' म्हणायला सुरुवात केली आणि तिथला हा प्रश्न बराचसा सुटला. आपल्याकडे तसं होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावं असंही नाही. या शब्दांच्या अदलाबदलीत आपण फार काही बोलून जातो.

शेवटी पत्रात लिहिलं: 'आपल्या सामाईक जमिनीतल्या भाताची नोंद यंदा आपणच करायची आहे. इथलं मी बघतो, तू काळजी करू नकोस.' सूचनेत ज्या 'आपण'ने घोटाळा केला होता, तोच इथे नेमका बसला. इथे 'आपण सगळे' हाच अर्थ हवा होता.

मानाच्या 'आपण'ला मी हद्दपार केलेलं नाही. लग्नपत्रिकेत 'आपण सहकुटुंब उपस्थित राहावे' हेच शोभतं. यजमान स्वतःलाच आमंत्रण देणार नाही, त्यामुळे अर्थाची शंकाही येत नाही. पाहुण्याला व्यासपीठावर बोलावताना 'आपण यावं' म्हणावं. पण ज्या कागदावरून कोणाला काही भरायचं आहे, नोंदवायचं आहे, मुदतीत पोहोचवायचं आहे, तिथे 'तुम्ही' लिहावं.

तुमच्या ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या फलकापुढे पुढच्या वेळी उभे राहाल तेव्हा प्रत्येक 'आपण'पुढे 'सगळे' लावून वाचून बघा. जिथे ते खपून जाईल, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि सूचना लिहिणाऱ्याला दाखवा.